शब्दचर्चा: ‘लार्व्हा मायग्रन्स’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात ‘क्युटेनियस लार्व्हा मायग्रन्स’ आलंय. कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची अळी माणसाच्या कातडीत शिरते आणि वळणावळणाची लाल रेघ उमटते, तो आजार. मी ‘त्वचेतील स्थलांतरित अळी’ लिहिलं, पण ‘स्थलांतरित’ खटकतंय. साधा शब्द सुचवा.

रानवारा: असं नागमोडी काही उठलं की आमच्याकडे नागीणच म्हणतात. नाहीतर नारू आहे की, तोही कातडीखालचा किडाच. नवा शब्द कशाला?

त्वचावैद्य: कृपया दोन्ही नकोत. नागीण विषाणूमुळे होते, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड येतात आणि आग होते. नारू पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा आणि त्याची हातभर लांब मादी पायातून बाहेर यायची. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. इथली अळी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, डोळ्यांना दिसतच नाही. दिसते ती तिची वाट: दोन-तीन मिलिमीटर रुंद, बोटाला जेमतेम उंचवटा लागेल अशी. ही रेघ रोज काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे जाते आणि प्रचंड खाजते, विशेषतः रात्री.

‘स्थलांतरित’ खटकतं ते बरोबरच आहे. स्थलांतर करणारा कुठेतरी पोचतो, ही अळी कुठेच पोचत नाही.

पशुवैद्य: पोचत नाही ते माणसात. कुत्र्यात तिची वाट ठरलेली आहे. विष्ठेतली अंडी ओलसर, सावलीतल्या वाळूत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळी कातडीत शिरण्याजोगी होते. कुत्र्याच्या कातडीतून ती रक्तात, तिथून फुप्फुसात आणि घशात जाते. मग गिळली जाऊन आतड्यात पोचते आणि तिथे प्रौढ होऊन अंडी घालते.

त्वचावैद्य: माणसात तिचं पहिल्याच पायरीवर अडतं. कातडीचा वरचा थर आणि आतला थर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, रक्तवाहिन्या त्याच्या खाली. माणसाच्या अंकुशकृमीची अळी तो पडदा विरघळवून पार होते. कुत्र्या-मांजरांच्या अळीपाशी माणसाच्या कातडीत त्यासाठी लागणारी विकरं पुरेशी नसतात, असं मानलं जातं. मग ती वरच्याच थरात आडवी पोखरत राहते आणि काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत, मरते. म्हणून माझी पसंती ‘वाट चुकलेली अळी’ला.

सागरिका: माझ्या भाच्याला गोव्याहून आल्यावर तळपायाला अगदी अशीच रेघ उठली आहे. सहा दिवसांत दोन बोटं वाढली. नायट्याचं मलम लावतोय, फरक नाही. रेघेच्या टोकाला सुई टोचून अळी काढता येईल ना?

त्वचावैद्य: ताई, इथे चर्चा शब्दाची आहे, पण सांगते. सुई नको. रेघ म्हणजे अळी गेल्यावर उठलेली सूज, अळी स्वतः दिसणाऱ्या टोकाच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे असते, तेही कोणत्या दिशेला ते कळत नाही. टोक गोठवून टाकण्याचा जुना उपायही याचमुळे फसायचा. नायट्याचं मलम बुरशीवरचं, ते इथे निरुपयोगी. नायटा गोल कडेनं पसरतो, ही रेघ एका टोकानं वाढते. आयव्हरमेक्टिन वजनाच्या दर किलोला 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 मिलिग्रॅम, बहुधा एकदाच. नाहीतर अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम रोज, तीन दिवस. गोळी तपासून घेतल्यावरच. पंधरा किलोखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला आयव्हरमेक्टिन सहसा देत नाहीत. खाजवून पू झाला असेल तर त्याचं औषध वेगळं. आणि रेघ तासाला काही सेंटिमीटर पळत असेल तर कृमी दुसराच आहे. तो माणसाच्या आतड्यात राहतो, म्हणून ते आधी सांगा.

अनुवादिका: म्हणजे ‘माणसात ही अळी कधीच प्रौढ होत नाही’ असं बिनधास्त लिहू?

पशुवैद्य: ‘कधीच’ काढा. कातडीत रेघा काढणारी मुख्य जात ब्राझिलिएन्से, तिच्यापुरतं ते चालेल. पण कुत्र्यांची कॅनिनम जात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1990च्या सुमारास माणसांच्या आतड्यात सापडली. एखाद-दुसराच कृमी, पोटदुखी जबर, अंडी मात्र नाहीत. आणि सिलॅनिकम तर माणसात पूर्ण वाढते, अंडीही घालते. ती आपल्या आशियातलीच आहे.

त्वचावैद्य: कॅनिनम आतड्यापर्यंत कातडीतून गेली की तोंडावाटे, यावर मी पैज लावणार नाही. पण ‘कधीच’ काढा हे मान्य.

अनुवादिका: ‘वाट चुकलेली अळी’ छान आहे, पण शीर्षकात लांब होतं. ‘त्वचेतली भटकी अळी’ लिहू का?

पशुवैद्य: पुढच्याच ओळीत ‘भटकी कुत्री’ येणार, आणि वाचक समजणार की दोष फक्त त्यांचा. जंताचं औषध न दिलेलं घरचं मांजरही वाळूत तेच करतं. मी ‘वाट चुकलेली’लाच मत देतो.

रानवारा: नागीण मागे घेतो. पण पत्रकात ‘ही नागीण नव्हे’ अशी ओळ टाकाच. आमच्या गावात लोक आधी नागीण उतरवणाऱ्याकडेच जातील.