मदत हवी आहे: माझे ऑडिट रिपोर्ट 'एआयने लिहिलेले' ठरलेत, शुक्रवारी एचआरसमोर काय मांडू?

सायली_चाकण

मी चाकणच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीमध्ये आहे, नऊ वर्षं झाली. वेंडरकडे जायचं, ऑडिट करायचं, नॉन-कन्फॉर्मन्स काढायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इंग्रजीत रिपोर्ट टाकायचा, हे काम. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा. माझं इंग्रजी या रिपोर्टांतूनच घडलं.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीने एआय डिटेक्टर घेतला. आमचे रिपोर्ट आणि कस्टमरला जाणाऱ्या मेल त्यातून जातात. सर्क्युलर काही निघालं नाही. मला कळलं तेव्हा माझे तीन रिपोर्ट लाल झालेले होते: ८४, ७१ आणि ९२. साहेबांची एका ओळीची मेल आली, "तीनदा योगायोग होत नाही." शुक्रवारी एचआरसोबत मीटिंग आहे.

रिपोर्ट मीच लिहिलेत. एक मात्र सांगून टाकते, तिसऱ्याचं व्याकरण मी लॅपटॉपमधल्या दुरुस्तीच्या ॲड-इनने नीट केलं होतं. ते ॲड-इन कंपनीनेच टाकून दिलंय. पहिल्या दोन रिपोर्टांत तेही वापरलेलं नाही.

'मी लिहिलंय' हे सिद्ध कसं करायचं? आणि ते मी का करायचं, हाही प्रश्न आहेच.

देशपांडे_सर

टेम्प्लेट कॉपी केलं की टक्के येणारच. माझ्या मुलीच्या एमबीए प्रोजेक्टला २३ आले होते. संदर्भ नीट द्या, उचललेला मजकूर अवतरणात टाका, टक्के खाली येतात.

सायली_चाकण

सर, ते नकल तपासणारं सॉफ्टवेअर. तिथे निदान कुठून उचललं ते समोर दिसतं. इथे फक्त आकडा येतो, मूळ वगैरे काही नाही.

पाटील_बिनधास्त

सगळे डिटेक्टर थोतांड आहेत. ओपनएआयने स्वतःचा काढला होता, जानेवारी २०२३ मध्ये. अचूकता कमी म्हणून जुलैत गुपचूप बंद केला. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांना जमलं नाही, तर तुमच्या कंपनीला काय जमणार? ताई, तेच तीन रिपोर्ट चार फुकट डिटेक्टरमध्ये टाका. दोन जरी 'माणसाने लिहिलंय' म्हणाले तरी स्क्रीनशॉट काढून एचआरच्या टेबलावर ठेवा. विषय संपला.

निशिगंध

सायलीताई, हे अजिबात करू नका. रिपोर्टात वेंडरचं नाव असतं, पार्ट नंबर असतो, रिजेक्शनचे आकडे असतात. आज तुमच्यावर नुसता संशय आहे. कंपनीचा मजकूर बाहेरच्या साइटवर टाकलात की गोपनीयता मोडल्याचा ठपका येईल, आणि तो खरा असेल.

पाटील, ओपनएआयचं बरोबर सांगितलंत. पण सगळे डिटेक्टर थोतांड असंही नाही. कच्चा, जसाच्या तसा चिकटवलेला एआय मजकूर त्यांतले बरेच पकडतात. माणसाचा मजकूर चुकून किती वेळा पकडतात आणि कोणाचा पकडतात, अडचण तिथे आहे.

मी भाषेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून थोडं सविस्तर. डिटेक्टरला लेखक ओळखता येत नाही. बऱ्याच डिटेक्टरांच्या मुळाशी एकच मोजणी असते, पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता. एआय साधारणपणे अपेक्षित शब्द निवडतं, म्हणून सरळसोट मजकुरावर संशय जातो. आता तुमचा रिपोर्ट घ्या. "नो एव्हिडन्स ऑफ कॅलिब्रेशन वॉज अव्हेलेबल ॲट द टाइम ऑफ" एवढं वाचलं की पुढे "ऑडिट" येणार, हे तुमच्या खात्यातलं कुणीही सांगेल. ऑडिटचं वाक्य असंच असावं लागतं. त्यात इंग्रजी शिकून आलेलं, म्हणजे मोजके खात्रीचे शब्द आणि खात्रीच्या रचना. दोन्ही कारणांनी तुमचा मजकूर त्याच बाजूला झुकतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली सात डिटेक्टर तपासले होते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले ९१ निबंध घेतले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. पण हा आकडा मीटिंगमध्ये हत्यार म्हणून काढू नका. ते डिटेक्टर त्या वेळचे होते. साहेब म्हणतील "आमचा नवा आहे", आणि त्यांचं चूक नसेल.

त्यांचं चुकतंय ते "तीनदा योगायोग होत नाही" इथे. नाणं तीनदा उडवलं तर ते खरं. पण तुम्ही क्वालिटीतल्या. व्हर्नियरमध्ये झीरो एरर असेल तर तीनदा मोजून काय येईल?

सायली_चाकण

तीनदा तीच चूक येईल! रिपीटेबिलिटी उत्तम, बायस कायम. एमएसएचं ट्रेनिंग मीच देते आणि हे मला सुचलं नाही.

निशिगंध

मग पुढचंही तुम्हालाच ठाऊक आहे. बायस कसा काढता?

सायली_चाकण

माहीत असलेल्या मापाचा मास्टर पीस मोजून.

निशिगंध

तुमचे मास्टर पीस कंपनीच्या सर्व्हरवरच पडलेत. चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्याआधीचे, याच टेम्प्लेटमधले तुमचे आणि सहकाऱ्यांचे पंधरा-वीस रिपोर्ट काढायला लावा. नुसते तुमचेच नकोत, नाहीतर निवडून आणले म्हणतील. ते कंपनीनेच, कंपनीच्या खात्यातून, त्याच डिटेक्टरमधून काढायचे. तुम्ही हात लावायचा नाही. जुने रिपोर्टही लाल झाले तर गेजमध्ये बायस आहे हे त्यांच्याच पडद्यावर दिसेल. लाल झाले नाहीत, तर मात्र हा मुद्दा सोडून द्यावा लागेल. तेवढी तयारी ठेवा.

आणखी एक, ८४ म्हणजे नक्की काय ते लेखी मागा. काही डिटेक्टरांत तो 'मजकुराचा इतका भाग एआयचा वाटतो' असा असतो, काहींत 'हा मजकूर एआयचा असण्याची शक्यता इतकी' असा. बहुतेक साहेब तो 'सायलीने ८४ टक्के फसवलं' असा वाचतात, आणि तसा तो कुठेच नसतो.

पाटील_बिनधास्त

गोपनीयतेचा मुद्दा मान्य, माझं चुकलं. पण मग वर्ड फाइलची व्हर्जन हिस्टरी दाखवा की. मजकूर तीन तासांत वाढत गेलेला त्यात दिसतो.

सायली_चाकण

दोन रिपोर्टांची आहे. ८४ वाला मात्र वेंडरकडे नेट नव्हतं म्हणून नोटपॅडमध्ये टाइप केला आणि नंतर एकदम चिकटवला. हिस्टरीत रिकामं पान दिसतं आणि पुढच्याच मिनिटाला चार पानं. तो दाखवला तर उलट माझ्यावरच येईल. शॉप फ्लोअरवरची हाताने लिहिलेली वही मात्र आहे, तेलाच्या बोटांसकट.

के_कुलकर्णी

मी पलीकडच्या खुर्चीतला. मॅनेजर आहे, दुसऱ्या कंपनीत. साहेबांना एकदम खलनायक करू नका. आमच्याकडे एकाने वेंडरकडे पाऊलही न टाकता ऑडिट रिपोर्ट दिला. इंग्रजी झकास, निरीक्षणं सगळी पटतील अशी. त्या पार्टमुळे पुढे लाइन थांबली. असं एकदा झालं की झोप उडते, आणि कुणी डिटेक्टर विकायला आला की माणूस घेतो.

आम्हीही घेतला. तो बहाद्दर मात्र डिटेक्टरने सापडला नव्हता, वेंडरच्या गेट रजिस्टरमध्ये त्याचं नावच नव्हतं त्यावरून सापडला. डिटेक्टर आल्यावर झालं ते वेगळंच. पोरं मुद्दाम चुका घालायला लागली, सरळ वाक्य वाकडं करायला लागली. एका रिपोर्टात मूळ कारण कोणतं हे मला फोन करून विचारावं लागलं. खरोखर एआय वापरणारा एक होता, तो मजकूर दुसऱ्या टूलमधून फिरवून आणायचा. त्याचा कायम हिरवा. सहा महिन्यांनी आम्ही रिपोर्टांवरून डिटेक्टर काढला आणि फोटो व गेट पास जोडणं सक्तीचं केलं.

तरी रिपोर्ट कसा तयार झाला हे विचारायचा हक्क कंपनीला आहे, असं माझं मत अजूनही आहे.

सायली_चाकण

हक्काबद्दल वाद नाही, साहेब. मला विचारलं असतं तर वही घेऊनच आले असते. विचारायच्या आधीच फाइलला शेरा लागला.

एक गोष्ट आजच लक्षात आली. आमच्याकडे महिन्याला साधारण ५०० रिपोर्ट निघतात. चूक फक्त एक टक्का, असं विकणारा म्हणतो. ते खरं धरलं तरी महिन्याला पाच जण नाहक, वर्षाला साठ. आणि ते सगळ्यांत सारखे वाटले जाणार नाहीत. आतापर्यंत लाल झालेले आम्ही चौघं, चौघंही मराठी माध्यमातले. शेजारचा कॉन्व्हेंटवाला उघड चॅटजीपीटी वापरतो, त्याचा एकही नाही. परवा डब्याच्या वेळी तो आला आणि आम्ही चौघं गप्प झालो. त्याचा काय दोष, पण झालं तसं.

विधी_वाचक

संमती न घेता मेल तपासल्या म्हणून कोर्टात जायचा विचार असेल तर थांबा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय डेटा वापरायची वाट मालकाला ठेवलेली आहे. त्यापेक्षा साधा प्रश्न विचारा, तपासलेला मजकूर जातो कुठे? कस्टमरसोबत गोपनीयतेचा करार असणार. त्यांची ड्रॉइंगची माहिती कंपनीच बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत असेल, तर तो प्रश्न तुमच्यापेक्षा लीगलला जास्त बोचेल. आवाज न चढवता विचारा.

सायली_चाकण

झाली मीटिंग. एचआर मॅडम शांत होत्या, साहेब मात्र शांत नव्हते. वही पुढे ठेवली, व्हर्नियरचं उदाहरण दिलं. मॅडमना ते कळलं नाही, पण साहेबांना लगेच कळलं. जुने रिपोर्ट तपासायला तिथेच तयार झाले. सर्व्हरवरून २०१९ ते २०२१ चे २४ काढले, नावं झाकून. सात लाल. पाच माझे, दोन सोलापूरच्या एका सहकाऱ्याचे. तो आता नोकरीतही नाही.

साहेब बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "हे गेज मी लाइनवर लावलं नसतं."

शेरा काढलेला नाही, 'स्थगित' असं लिहिलंय. लीगलचा प्रश्न मॅडमनी लिहून घेतला. ९२ वाल्या रिपोर्टाबद्दल मी ॲड-इनचं सांगितलं. ते वापरायचं की नाही हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही, ज्या आयटीवाल्याने टाकून दिलं त्यालाही नाही.

मेलवरचा डिटेक्टर अजून चालूच आहे. काल कस्टमरला तीन ओळींची मेल लिहिली, "अटॅच्ड प्लीज फाइंड" वाली. ती ६८ आली. निशिगंधताई, तीन ओळींवर आकडा देण्यात काही अर्थ असतो का?

निशिगंध

नसतो. एवढ्याशा मजकुरात मोजायला काही मिळतच नाही. नामांकित डिटेक्टर काही किमान शब्दांखाली निकालच देत नाहीत, टर्निटिनला ३०० शब्द लागतात. तुमच्या डिटेक्टरची किमान मर्यादा किती आहे ते विचारा. आणि तिसऱ्या रिपोर्टाबद्दल काही लेखी देण्याआधी, ॲड-इनने काय काय बदललं ते व्हर्जन हिस्टरीत सापडतंय का बघा. नुसते स्पेलिंग आणि 'द' बदलले असतील तर एक गोष्ट. पूर्ण वाक्यंच नव्याने लिहिली असतील तर दुसरी.

सायली_चाकण

बघितलं. दोन परिच्छेद पूर्ण बदललेत. मी 'ॲक्सेप्ट ऑल' दाबलं होतं.