मदत हवी आहे: दारू प्यायल्यावर कानातला आवाज वाढतो का?

मला बऱ्याच वर्षांपासून डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, म्हणजे टिनिटस. इएनटीने ऑडिओमेट्री केली, हाय फ्रिक्वेन्सीला थोडा लॉस आहे बाकी ठीक. प्रश्न असा की दोन पेग घेतले की सुरुवातीला आवाज उलट कमी वाटतो, पण रात्री आडवं झालो की दणकून वाढतो आणि लोकांचं बोलणंही जरा दबल्यासारखं येतं, सकाळपर्यंत बऱ्यापैकी नॉर्मल. डीजे वगैरे काही नाही हां, शांत घरात बसून प्यायलो तरी हेच, त्यामुळे मोठ्या आवाजाने कान बधिर झाला असं म्हणता येत नाही.

चक्कर का येते ते वाचलंय: आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत कप्युला नावाचा जेलीसारखा पडदा असतो, अल्कोहोल रक्तातून आधी त्यात शिरतं आणि भोवतालच्या द्रवात, एंडोलिम्फमध्ये, उशिरा, मग पडदा हलका होऊन तरंगतो आणि आडवं झालं की खोली फिरते. काही तासांनी अल्कोहोल आधी पडद्यातून निघून जातं, तेव्हा तो जड होतो आणि परत चक्कर. पण हे सगळं तोल सांभाळणाऱ्या भागाचं झालं, ऐकण्याच्या कॉक्लियात नेमकं काय होतं? केसपेशींवर परिणाम, की मेंदूच आवाज नीट गाळत नाही?

कुणी प्यायच्या आधी आणि नंतर ऑडिओमेट्री करून बघितलीय का? लो फ्रिक्वेन्सीला फरक दिसला का?