अनुभव धागा: मटणाला उग्र वास का येतो?

गेल्या रविवारी कुकर उघडला आणि मुलं नाक दाबून बाहेर पळाली. मसाला, भांडं, हात, सगळं नेहमीचंच. मटण ताजं होतं, बुळबुळीत नव्हतं, आंबूस वासही नव्हता. चवीला ठीक, पण तोंडाजवळ नेलं की गोठ्यात उभं असल्यासारखं वाटायचं. त्यातलं अर्धा किलो अजून फ्रीजरमध्ये पडलंय. तुमचे अनुभव लिहा.

—

वय, दुसरं काही नाही. म्हातारं जनावर गळ्यात मारलं तुमच्या. कोवळं घ्या, वास येणारच नाही.

—

वरच्यांचं अर्धंच खरं आहे. आमचा पिढीजात मटणाचा धंदा. वय आम्ही दातांवरून ओळखतो. खालचे पुढचे दात सगळे दुधाचे असले तर जनावर साधारण वर्षाच्या आतलं. मधले दोन पडून मोठे आले की दोन दाती, म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं. आठही मोठे झाले की ते चार वर्षांच्या आसपास असतं. वयाबरोबर मांस चिवट होतं आणि वासही वाढतो, हे कबूल. पण सहा दाती शेळीचं मटण दीड वर्षाच्या माजलेल्या बोकडापेक्षा कमी वास मारतं, हे मी रोज बघतो.

खच्ची न केलेला बोकड माजावर आला की स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो. शिंगांच्या मागे ग्रंथी असतात, त्यांचा वास वेगळाच. कातडं सोलताना केसांना लागलेला हात मांसाला लागला, की तो वास मांसावर चढतो. म्हणून आमच्याकडे एक हात कातड्याचा, दुसरा मांसाचा. घाईत हे कुणी पाळत नाही. लहानपणीच खच्ची केलेल्याला चरबी जास्त सुटते, पण वास कमी. विकत घेताना 'बोकड की खच्ची' एवढं विचारा. तुकडे झाल्यावर आम्हालाही सांगता येत नाही.

—

माझ्या फ्रीजलाच मटणाचा वास लागलाय, सोडा ठेवूनही जात नाही. उपाय आहे का?

—

ताई, धागा दुसरा आहे, पण मटण फ्रीजरमध्ये किती दिवस होतं? माझ्याकडे एक पुडकं सहा महिने राहिलं, तेही नीट न गुंडाळता. चरबी पिवळट झाली होती आणि शिजवल्यावर जुन्या तेलाचा खवट वास आला. तो बोकडाचा वास नव्हे, खवटलेल्या चरबीचा. तो कशानेही गेला नाही, टाकून दिलं.

—

मी पशुखाद्याच्या कामात होतो. हा वास मुख्यतः चरबीत साठलेल्या काही खास आम्लांचा असतो. शेळ्या-मेंढ्यांच्या शरीरात ती तयार होतात, आणि वयात आलेल्या नरात जास्त. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून मटण चार पाण्यांनी धुणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान. चरबी वितळली की वास सुटतो, म्हणून कच्चं असताना कळत नाही आणि कुकर उघडल्यावर दणका बसतो. परीक्षा सोपी आहे. नखाएवढी चरबी काढून गरम तव्यावर टाका. तिथेच नाक सांगेल.

—

आमच्या घरी दही, आलं, हळद रात्रभर लावून ठेवतात. वास शून्य!

—

शून्य नाही हो, झाकला जातो. दह्याने मांस मऊ पडतं, ते खरं. पण चरबी तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी रस्सा गरम करताना वास परत येतो.

—

मूळ प्रश्न माझा. फ्रीजरमधल्या अर्ध्या किलोचे दोन भाग केले. पहिला आहे तसाच शिजवला. दुसऱ्याची वरची पांढरी चरबी आणि स्नायूंच्या मधली पट्टी सुरीने काढली. वीस मिनिटं गेली, चरबी भरली चाळीस ग्रॅम. मग तुकडे थंड पाण्यात घालून उकळी आणली, तीन मिनिटांनी पाणी फेकलं, तुकडे धुऊन नव्या पाण्यात शिजवले. मीठ घातलं, मसाला मुद्दाम नाही. पहिल्याचं झाकण उघडताच तोच वास. दुसऱ्यात वास होता, पण नाक जवळ नेल्यावर. काढलेली चरबी तव्यावर टाकली तर मुलं पुन्हा पळाली. तोटाही लिहितो, दुसरा रस्सा पातळ आणि फिका झाला.

—

पाणी फेकू नका, चव जाते. चरबी आधी काढा, रस्सा शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. वर पांढरा थर गोठतो, तो सकाळी चमच्याने उचलून टाका.

—

आणि चाऱ्याचं काय? माझ्या माहितीत हिरव्या चाऱ्यावरच्या जनावरालाच वास जास्त.

—

उलटही ऐकलंय, की खूप धान्य खाल्लेल्याच्या चरबीत तो वास वाढतो. बहुधा हे दोन निराळे वास असावेत, आपण दोन्हींना एकच नाव देतो. पाळणारे कुणी असतील तर लिहा.

—

मला तर तो वास आवडतो. काढलेली चरबी माझ्याकडे पाठवा.