शब्दचर्चा : लॉस NaN होणे

अनुवादक : न्यूरल नेटवर्कवरील एका पाठाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. लर्निंग रेट फार मोठा ठेवला तर लॉस NaN होतो, असे त्यात एक वाक्य आहे. आकडा मोजण्यापलीकडे गेला असा अर्थ धरून मी 'लॉस असंख्य होतो' असे लिहिले आहे. हा शब्द योग्य ठरेल का?

गणितप्रेमी : 'असंख्य' म्हणजे पुष्कळ, म्हणून तो शब्द टाळावा आणि सरळ 'अनंत' लिहावे. लर्निंग रेट मोठा असला की प्रत्येक पायरीला लॉस वाढत जातो आणि अखेरीस तो संगणकात मावत नाही. त्या अवस्थेलाच NaN म्हणतात.

आकडेमोड : वाढीचे वर्णन बरोबर आहे, पण न मावणाऱ्या आकड्यासाठी inf हे वेगळे चिन्ह आहे. एक छोटे उदाहरण घेऊ. एकच वेट आहे, इनपुट 10 आहे, अंदाजातली चूक सुरुवातीला 10 आहे आणि चुकीचा वर्ग हाच लॉस आहे. लर्निंग रेट 0.1 ठेवला तर प्रत्येक पायरीनंतर चूक 1 − 2 × 0.1 × 10² म्हणजे −19 पट होते. चिन्ह दर वेळी उलटते, कारण वेट योग्य जागा ओलांडून पलीकडे जातो आणि परतताना आणखी दूर फेकला जातो. लॉस दर पायरीला 361 पट होतो आणि float32 मध्ये सुमारे 3.4 × 10³⁸ पर्यंतच संख्या मावत असल्याने पंधराव्या पायरीनंतर पडद्यावर inf दिसते. वेट मात्र तेव्हाही साधी संख्याच असतो. पुढे तिसाव्या पायरीच्या आसपास ग्रेडियंट आणि त्यामागोमाग वेटही inf होतो, आणि मग अनंतातून अनंत वजा करण्याची वेळ येते. या वजाबाकीला निश्चित उत्तर नाही, आणि अशा उत्तर नसलेल्या क्रियेचा निकाल म्हणजे NaN. याच उदाहरणात इनपुट 10 ने भागून 1 केले, तर तोच लर्निंग रेट चूक दर वेळी 0.8 पट करतो आणि प्रशिक्षण सुरळीत चालते.

पर्जन्यनोंद : माझा अनुभव याहून वेगळा आहे. पावसाच्या नोंदींवर मॉडेल शिकवताना मी लर्निंग रेट कितीही कमी केला, तरी लॉस पहिल्याच काही बॅचमध्ये nan होत असे, आणि inf कधी दिसलेच नाही. CSV मधले काही रकाने रिकामे होते आणि pandas ते NaN म्हणून वाचत होते. सरासरी काढून पाहिली तर ती व्यवस्थित येई, कारण pandas सरासरी काढताना NaN वगळते. प्रशिक्षणात मात्र तशी सवलत नसते. एका ओळीतल्या NaN मुळे पूर्ण बॅचचा लॉस NaN होतो, ग्रेडियंटमधून तो सगळ्या वेटमध्ये पसरतो, आणि त्यानंतर स्वच्छ बॅच दिली तरी मॉडेल सावरत नाही. आता मी प्रत्येक बॅचपूर्वी ही ओळ ठेवतो.

```
assert torch.isfinite(x).all()
```

गणितप्रेमी : म्हणजे आधी लॉस वाढत जाऊन inf दिसले तर दोष लर्निंग रेटचा, आणि एकदम nan आले तर दोष इनपुटचा, असा नियम सांगता येईल.

आकडेमोड : बहुतेक वेळा तो खरा ठरतो, पण पुरावा म्हणून अपुरा आहे. क्रॉस-एन्ट्रॉपीचे सूत्र हाताने लिहिले असेल आणि मॉडेलने अचूक उत्तर फार खात्रीने दिले, म्हणजे सिग्मॉइडला 20 मिळाले, तर float32 मध्ये p बरोबर 1 होतो. मग (1 − y) · log(1 − p) या पदात शून्य गुणिले उणे अनंत येते आणि त्याचे उत्तर NaN असते. इनपुट निर्दोष असते आणि त्याआधी लॉस उतरतच असतो. अशा वेळी सिग्मॉइडपूर्वीची किंमत थेट घेणारे तयार फंक्शन वापरावे. ग्रेडियंटवर मर्यादा घालण्याचा उपायही उशिरा केला तर व्यर्थ जातो, कारण ग्रेडियंट inf झाल्यावर त्याला लांबीने भागताना पुन्हा NaN च मिळतो.

अनुवादक : माझे वाक्य अर्थानेच चुकले होते, हे आता स्पष्ट झाले. 'लर्निंग रेट फार मोठा ठेवल्यास लॉस वाढत जाऊन आधी अनंत होतो आणि पुढे अनिर्धार्य होतो' असे लिहिले तर?

आकडेमोड : अनंत वजा अनंत यासाठी गणितात 'अनिर्धार्य' शब्द रूढ आहे, त्यामुळे या वाक्यात तो चपखल बसतो.

पर्जन्यनोंद : माझ्या रिकाम्या रकान्याला मात्र 'अनिर्धार्य' म्हणता येणार नाही. तिथे उत्तर नसलेली क्रिया झालीच नव्हती, नोंदच झाली नव्हती. पडद्यावर दोन्हीकडे nan च उमटते, आणि आम्ही बोलताना दोन्हीकडे 'नॅन आला' असेच म्हणतो. मी तर 'नॅन' हाच शब्द ठेवीन.

अनुवादक : लर्निंग रेटच्या वाक्यात मी 'अनिर्धार्य' ठेवतो. पुढच्या प्रकरणात रिकाम्या रकान्यांची माहिती आहे, तिथे काय लिहावे हे अजून ठरत नाही.