सल्ला हवा: शोल्डरजवळ संपणाऱ्या M20×1.5 आट्यांना रिलीफ ग्रूव्ह किती रुंद, किती खोल?

दीडपिच

C45 चा दांडा आहे, त्यावर M20×1.5, 6g बाहेरचे आटे. टोकापासून शोल्डरपर्यंत 16 मिमी, शोल्डरचा व्यास 28. समोरचा भाग 14 मिमी जाड आहे आणि तो शोल्डरला पूर्ण टेकला पाहिजे. ड्रॉइंगवर बाण काढून नुसतं 'अंडरकट' लिहिलंय, माप काहीच नाही. सीएनसी लेथ, फानुक कंट्रोल, इन्सर्ट 16ER 1.5 ISO. पिचवरून रुंदी आणि खोली कशी ठरवायची? खाच रुंद केली तर आटे कमी उरतात, अरुंद केली तर टूल शोल्डरला लागेल अशी भीती आहे.

अर्धानट

सोपं आहे. रुंदी पिचच्या तिप्पट, खोली आट्याच्या खोलीएवढी अधिक थोडं. म्हणजे 4.5 मिमी रुंद आणि एका बाजूला 0.92 अधिक 0.1, म्हणजे व्यास साधारण 17.96. पार्टिंग टूलने सरळ चौकोनी खाच मारा, काम झालं.

रेखाटन

अर्धानट यांची रुंदी काम चालवेल, पण व्यास 17.96 धोक्याचा आहे आणि चौकोनी कोपरा तर नकोच.

आधी खोली. 6g मध्ये M20×1.5 चा पिच व्यास 18.854 पर्यंत खाली जाऊ शकतो. तेव्हा आट्याच्या तळाचा व्यास 17.93 पर्यंत उतरतो, आणि तरीही आटे मापातच असतात. खाच 17.96 ची असेल तर इन्सर्टचं टोक खाचेच्या तळाला घासणार. डीआयएन 76 मध्ये 1.5 पिचसाठी खाचेचा व्यास d − 2.3 दिलाय तो याचसाठी. तुमच्याकडे तो 17.7 येतो, सहिष्णुता h13, म्हणजे 17.43 ते 17.70. सर्वात खोल आट्याच्या तळापासूनही एका बाजूला 0.11 मिमी मोकळं राहतं.

एक सावधानता: 2.3 हे व्यासातून वजा करायचं आहे. एका बाजूची खोली समजून कापलं तर व्यास 15.4 होतो आणि दांडा तिथेच कमजोर पडतो.

आता रुंदी. त्याच टेबलात दोन प्रकार आहेत. नेहमीच्या A प्रकारात तळाची सपाट रुंदी, म्हणजे g1, किमान 3.2 आणि शोल्डरपासूनची एकूण रुंदी, म्हणजे g2, कमाल 5.2. आखूड B प्रकारात तेच 1.8 आणि 3.8. एकूण रुंदी लक्षात ठेवायची तर A ला साडेतीन पिच, B ला अडीच पिच. शोल्डरकडच्या कोपऱ्यात त्रिज्या 0.8. आट्यांकडची बाजू उभी नसते, अक्षाशी 30 अंशांचा उतार असतो. खोली 1.15 असल्यामुळे हा उतार दोन मिमी लांबीचा येतो. 3.2 अधिक 2.0 बरोबर 5.2, हिशोब तिथेच जुळतो. सपाट भाग किमान ठेवून उतार 30 अंशांचा धरला की एकूण रुंदी आपोआप कमाल मापावर येते. म्हणून हातात फारशी मोकळीक नसते. सपाट भाग वाढवायचा तर उतार जास्त उभा करावा लागतो.

दीडपिच

म्हणजे A घेतला तर 16 पैकी 5.2 गेले. टोकाचा चॅम्फर 1.5 आहे. समोरच्या 14 मिमीच्या भागात मग किती आटे पकडतील?

रेखाटन

A मध्ये 14 पैकी 8.8 मिमी पकडतात, म्हणजे जवळजवळ सहा आटे. B मध्ये 10.2 मिमी, म्हणजे जवळजवळ सात. फरक जेमतेम एका आट्याचा आहे. तो एक आटा लागतोच का हे आधी ठरवा, मग B च्या अडचणी अंगावर घ्या. समोरच्या भागाच्या तोंडाशी काउंटरबोअर चालत असेल तर प्रश्नच मिटतो: त्याचे पहिले दोन-तीन आटे कापून टाका आणि दांड्यावर A ठेवा. तिथे तसेही आटे पकडत नाहीत.

हुकलेला_बोअर

माझ्याकडे बंद भोकात आतले M20×1.5 आहेत. तिथेही 17.7 ची खाच मारू का?

अर्धानट

अहो, 17.7 तर तुमच्या भोकापेक्षाही लहान होईल! धाग्यातला प्रश्न बाहेरच्या आट्यांचा आहे. आतल्या आट्यांना खाच मोठ्या व्यासापेक्षा जास्त हवी, म्हणजे 20 च्या वर.

रेखाटन

बरोबर. 1.5 पिचला आतल्या खाचेचा व्यास d + 0.5 असतो, म्हणजे 20.5. रुंदीचं टेबलही वेगळं आहे, बाहेरच्यापेक्षा जास्त जागा लागते. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मापं मिसळली तर कोणीतरी चुकीचा आकडा उचलेल.

तीनजबडे

रुंदी फक्त टेबलवरून ठरवू नका, टूल कुठे थांबणार ते मोजा. 16ER 1.5 ISO मध्ये आट्याच्या टोकापासून इन्सर्टच्या कडेपर्यंत साधारण 1.0 मिमी असतं. आपापल्या कॅटलॉगमध्ये पाहून घ्या. शोल्डर आणि कडेत 0.5 मिमी अंतर ठेवायचं तर टोक शोल्डरपासून 1.5 वर थांबलं पाहिजे. तुमचा शोल्डर Z-16 वर, म्हणजे सायकलचा शेवट Z-14.5. A प्रकारात खाचेचा सपाट भाग शोल्डरपासून 3.2 वर सुरू होतो, म्हणजे टोकाला धावायला 1.7 मिमी मोकळे मिळतात.

ही जागा का लागते? आट्यांच्या शेवटी झेड अक्षाचा वेग उतरतो आणि तेवढ्या अंतरात पिच बिघडते. फानुकच्या मॅन्युअलमधलं साधं सूत्र आहे: पिच गुणिले आरपीएम भागिले 1800. 1000 आरपीएमला 1.5 × 1000 / 1800 = 0.83 मिमी. हे 1.7 मध्ये आरामात बसतं. 2000 ला 1.67 होतं, म्हणजे अगदी काठावर.

```
G76 P010060 Q050 R0.02
G76 X18.13 Z-14.5 P920 Q250 F1.5
```

पहिल्या ओळीतल्या `P010060` मधले मधले दोन अंक नीट पाहा. ते `00` हवेत. तिथे `10` राहिलं तर टूल शेवटच्या एका पिचभर, म्हणजे 1.5 मिमी आधीपासून, तिरकं बाहेर येतं. A मध्ये ते शोल्डरपासून 3.0 वर उचलायला लागेल, तोपर्यंत टोक सपाट भागात पोहोचलेलं असतं, म्हणून फारसं बिघडत नाही. B मध्ये मात्र त्या जागी अजून उतार असतो. तिथला शेवटचा आटा अर्धवट खोल राहतो आणि समोरचा भाग शोल्डरला टेकायच्या आधीच घट्ट होतो. बाहेरून आटे छान दिसतात, रिंग गेजही बहुतेक लांबीवर जातो, फक्त शेवटी अडतो. असं झालं की लोक ऑफसेट कमी करून सगळे आटे सैल करतात, आणि मूळ कारण तसंच राहतं.

दीडपिच

आणि B मध्ये 1.8 पैकी 1.5 वर थांबलो तर टोकाला फक्त 0.3 मिळतात. मग 1000 आरपीएमला B होणारच नाही?

तीनजबडे

तितकं वाईट नाही. उताराच्या खालच्या भागाचा व्यास समोरच्या आतल्या आट्यांच्या लहान व्यासापेक्षा, म्हणजे 18.376 पेक्षा, कमी असतो. तिथे पिच बिघडली तरी काही लागत नाही. तो भाग सुमारे 0.58 मिमी लांब आहे. 0.3 अधिक 0.58 म्हणजे 0.88, आणि लागतात 0.83. जमतं, पण शिल्लक काही उरत नाही. B करायचं तर 600 आरपीएमला जा, तिथे 0.5 लागतात. त्या वेगाला कटिंग स्पीड साधारण 38 मीटर प्रति मिनिट येतो. कार्बाइडला तो कमीच आहे, इन्सर्टवर धातू चिकटू लागला तर तेच कारण समजा.

अर्धानट

ठीक, कोपऱ्याचं मान्य. पण त्रिज्या 0.8 आणि 30 अंश उतार हे पार्टिंग टूलने कसं येणार? 3 मिमी ग्रूव्हिंग इन्सर्टचा कोपरा 0.2 चा असतो.

रेखाटन

सरळ आत मारून येणार नाही, प्रोफाइल फिरवावी लागेल. सोपा मार्ग: 93 अंशाच्या होल्डरमध्ये 35 अंशाचा इन्सर्ट, नाकाची त्रिज्या 0.4. तो 52 अंशांपर्यंत तिरका खाली उतरू शकतो, 30 त्याला सहज जमतो. उतारावरून खाली, सपाट तळ, कोपऱ्यात त्रिज्या 0.8, मग शोल्डरवरून वर. नाकाची भरपाई चालू ठेवा, नाहीतर कोपरा आणि उतार दोन्ही सरकतात. 55 अंशाचा इन्सर्ट वापराल तर मागच्या कडेला फक्त 2 अंश मोकळे राहतात. तो उतारावर घासतो आणि चकाकी वेगळी दिसते, त्यावरूनच ओळखता येतं.

तीनजबडे

अजून एक. पूर्ण प्रोफाइलचा इन्सर्ट नसेल आणि AG60 सारखा अनेक पिचचा वापरलात तर त्याचं नाक लहान पिचसाठी टोकदार असतं. नाकाची त्रिज्या 0.06 धरली तर पिच व्यास खालच्या मर्यादेवर आणताना टोक 17.67 पर्यंत खाली जातं. खाच 17.70 ची असेल तर तळावर बारीक रेषा उमटते. अशा वेळी खाच 17.5 च्या आसपास ठेवा, सहिष्णुतेत बसते. शिवाय AG60 ची कड टोकापासून साधारण 1.7 वर असते. त्याने B प्रकार करू नका, कड आधीच शोल्डरला लागेल.

जोरमोजणी

सगळे आटे कसे निघतील ते बोलताहेत, खाचेच्या ताकदीचं कोणीच नाही. M20×1.5 चं ताण-क्षेत्र 272 चौ. मिमी. 17.7 ला खाचेचं क्षेत्र 246, आणि 17.43 ला 239. म्हणजे आट्यांपेक्षा 10 ते 12 टक्के कमी. तुम्ही आट्यांच्या हिशोबाने घट्ट आवळलंत तर खाच आधी ताणली जाईल. भार येत-जात असेल तर त्रिज्या 0.8 सुद्धा मला कमी वाटते.

रेखाटन

क्षेत्राचा मुद्दा बरोबर आहे, आवळण्याचा टॉर्क खाचेच्या क्षेत्रावरूनच ठरवायला हवा. त्रिज्येबाबत मात्र मी सहमत नाही. 1.2 केली तर A च्या 3.2 सपाट भागातले जास्त मिमी कोपऱ्यातच जातात, आणि तीनजबडे यांनी धरलेलं 0.5 चं अंतर त्या गोलाईपाशी उरतं का ते पुन्हा मोजावं लागेल.

जोरमोजणी

म्हणून तर विचारतो, हा जोड स्थिर भाराचा आहे की कंपनाचा? त्यावर सगळं अवलंबून आहे.

दीडपिच

ड्रॉइंगवर ते लिहिलेलं नाही, डिझायनरला विचारतो. तोपर्यंत A धरतो: व्यास 17.7, सपाट 3.2, एकूण 5.2, त्रिज्या 0.8, 1000 आरपीएम. समोरच्या भागाला काउंटरबोअर चालेल का तेही त्याच मेलमध्ये विचारतो.

अर्धानट

काउंटरबोअरला हो म्हणाले तर त्याची खोलीही विचारा, खाचेपेक्षा ती जास्त नको. आतले आटे उगाच कमी होतील.