शब्दचर्चा: पाच लाखांचं यंत्र 3,20,000 ला विकलं, त्याला 'नफा' का म्हणायचं?

मेघना
माझी भाची अकरावी कॉमर्सला आहे. तिच्या वहीतलं घसाऱ्याचं गणित असं आहे: ऑफसेट छपाईचं यंत्र 4,60,000 ला घेतलं, वाहतूक आणि उभारणीला 40,000 लागले. 1 एप्रिल 2021 ला यंत्र सुरू झालं आणि 30 सप्टेंबर 2023 ला 3,20,000 ला विकलं. सरळ रेषा पद्धतीने 10 टक्के घसारा धरला तर तोटा येतो. ऱ्हासमान शेष पद्धतीने 20 टक्के धरला तर उत्तर लिहिलंय, 'यंत्र विक्रीवरील नफा 32,000'. व्यवहारात 1,80,000 कमी हाती आले, मग इथे 'नफा' या शब्दाचा अर्थ काय?

निखिल
मेघनाताई, पुस्तकी किमतीपेक्षा जास्त पैसे आले की नफा, कमी आले की तोटा. मूळ किमतीशी त्याचा संबंध नाही. पण वहीतलं उत्तर मला चुकीचं वाटतं. 5,00,000 वर 20 टक्के म्हणजे पहिल्या वर्षी 1,00,000 आणि उरलेल्या 4,00,000 वर 80,000. 1 एप्रिल 2023 ला शिल्लक 3,20,000. विकलंही तेवढ्यालाच. म्हणजे नफाही नाही, तोटाही नाही.

अशोक शेतमाल
माझा टेम्पो मी दिवाळीच्या आधी विकला. कागदोपत्री किंमत बरीच खाली आली होती आणि पैसे चांगले आले. सीए साहेब म्हणाले, नफा दाखवायचा नाही, आलेली रक्कम गटातून वजा होईल. मग तुमच्या गणितात नफा कुठून आला?

बापू (सूतगिरणीतला जुना हिशेबनीस)
निखिल, तुझी व्याख्या बरोबर आहे, पण सहा महिने राहिले. एप्रिल ते सप्टेंबर यंत्र छापखान्यात चालू होतं, त्या काळाचा घसारा आधी काढायचा आणि मगच पुस्तकी किंमत ठरवायची. 3,20,000 वर 20 टक्के म्हणजे वर्षाचे 64,000, सहा महिन्यांचे 32,000. म्हणजे विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत 2,88,000. आले 3,20,000. वहीतले 32,000 असे येतात.

सरळ रेषेत वर्षाला ठरलेले 50,000. दोन वर्षांनी शिल्लक 4,00,000, सहा महिन्यांचे 25,000 वजा केले की 3,75,000. आले 3,20,000, म्हणून तोटा 55,000. इथे बरीच मुलं घसरतात: सहामाही घसारा सरळ रेषेत मूळ किमतीवर काढायचा आणि ऱ्हासमानमध्ये वर्षारंभीच्या शिल्लकेवर. ऱ्हासमानमध्ये सवयीने 5,00,000 वर 20 टक्के धरून 50,000 लिहिले की नफा 50,000 होतो आणि खातं तरीही जुळतं. म्हणून ही चूक बेरजेवरून कळत नाही, आधार कोणता घेतला ते पाहावं लागतं.

मेघना, आता तुझा शब्द. दोन्ही रकाने शेवटपर्यंत जोडून बघ. सरळ रेषेत घसारा 1,25,000 आणि तोटा 55,000, एकूण 1,80,000. ऱ्हासमानमध्ये घसारा 2,12,000, त्यातून नफा 32,000 वजा, पुन्हा 1,80,000. तू म्हणालीस तेवढेच. यंत्राने अडीच वर्षांत किती खाल्लं ते विकल्यावरच पक्कं कळतं. तोवर आपण अंदाजाने घसारा लिहितो. अंदाज जास्त झाला तर शेवटी नफा दिसतो, कमी झाला तर तोटा. इथला 'नफा' म्हणजे आधी जास्त लिहिलेल्या घसाऱ्याची परत आलेली रक्कम.

निखिल
बापू, मग माझ्या हिशेबातही त्या वर्षाच्या नफ्यात फरक पडत नाही ना? तुमच्याकडे 32,000 घसारा आणि 32,000 नफा, म्हणजे शून्य. माझ्याकडे दोन्ही नाहीत, तेही शून्य.

बापू
वर्षाअखेरची बेरीज सारखी, हे खरंय. पण सहा महिन्यांची छपाई त्या यंत्रावर झाली. तिच्या खर्चात 32,000 धरले नाहीत तर ती छपाई होती त्यापेक्षा स्वस्त दिसते आणि मालक पुढचे दर चुकीचे लावतो. विक्रीवरचा नफा धंद्याच्या रोजच्या कामाचा नाही, तो वेगळा दिसला पाहिजे. यंत्र खात्यावर नीट दिसतं: नावे बाजूला शिल्लक 3,20,000 आणि नफा 32,000, जमा बाजूला घसारा 32,000 आणि बँक 3,20,000. दोन्हीकडे 3,52,000.

सुजाता (मराठी माध्यमात शिकवते)
बापूंच्या मांडणीला पाठिंबा, पण 'घसाऱ्याची परत आलेली रक्कम' हे दर वेळी खरं नसतं. यंत्र 5,20,000 ला विकलं असतं तर वरचे 20,000 घसाऱ्याचे नाहीत, ते किंमत चढल्याचे आहेत. जागेच्या बाबतीत तर असं नेहमीच होतं. म्हणून सर्वसाधारण शब्द 'विक्रीवरील नफा' हाच ठेवावा.

आणखी एक गोष्ट. मुलं म्हणतात, ऱ्हासमानमध्ये सुरुवातीला घसारा जास्त असतो. ते दरावर अवलंबून आहे. दोन्हीकडे 10 टक्के धरा: पहिल्या वर्षी 50,000 सारखेच, दुसऱ्या वर्षी ऱ्हासमानमध्ये 45,000. म्हणजे घसारा कमीच पडला, आणि हेच यंत्र याच दिवशी विकलं तर तोटा 64,750 येतो, सरळ रेषेपेक्षाही मोठा. दहा वर्षांत सरळ रेषेचे 10 टक्के यंत्राला शून्यावर आणतात. ऱ्हासमान शून्यावर कधीच येत नाही. 20 टक्क्यांनी दहा वर्षांनंतर साधारण 53,700 उरतात, म्हणजे मोडीच्या किमतीच्या आसपास. दर वेगळे ठेवले तरच दोन पद्धतींची तुलना सारख्या आयुष्यावर होते.

अशोक शेतमाल
माझं राहिलं.

बापू
अशोकराव, तुमचा प्रश्न आयकराचा आहे. तिथे एकेका यंत्राचं खातं नसतं, एकाच दराच्या मालमत्तांचा गट असतो. समजा गटाची आरंभीची शिल्लक 8,00,000 आहे आणि त्यातलं एक यंत्र 3,20,000 ला विकलं. उरले 4,80,000, त्यावर 15 टक्के म्हणजे 72,000 घसारा. विकलेल्याचा सहामाही घसारा वेगळा काढत नाहीत आणि त्याचा नफाही वेगळा दिसत नाही. तो गटात मुरतो, म्हणजे पुढच्या वर्षांचा घसारा कमी होतो. विक्रीची रक्कम गटाच्या शिल्लकेपेक्षा जास्त झाली, किंवा गटात एकही वस्तू उरली नाही, तर मात्र उरलेला फरक अल्पमुदतीचा भांडवली नफा किंवा तोटा होतो. तुमच्याकडे टेम्पोखेरीज त्या गटात काही होतं का, हे सीए साहेबांना विचारा.

अशोक शेतमाल
फवारणीचं यंत्र आहे, धंद्याच्याच नावावर. विचारतो.

मेघना
'नफा' आता कळला, भाचीलाही दोन रकाने जोडून दाखवले. तिचा पुढचा प्रश्न: 30 सप्टेंबरऐवजी 12 ऑगस्टला विकलं तर घसारा किती महिन्यांचा?

सुजाता
परीक्षेत बहुतेक महिन्याची पहिली किंवा शेवटची तारीख देतात, म्हणून हा प्रश्न येत नाही. मी तरी पूर्ण झालेले चार महिने धरेन, 21,333.

बापू
आम्ही दिवस मोजायचो. 1 एप्रिल ते 12 ऑगस्ट 134 दिवस, आणि 2023-24 हे वर्ष 366 दिवसांचं, म्हणजे 64,000 मधले 23,432. कंपनी कायदाही विक्रीच्या तारखेपर्यंतच प्रमाणात घसारा धरायला सांगतो. चार महिन्यांवर थांबलं तर बारा दिवस यंत्र फुकट चाललं असं होतं.

सुजाता
छोट्या छापखान्याला दिवस मोजायला लावणं मला जड वाटतं. एक नियम ठरवून दर वर्षी तोच पाळला तर पुरे.