शब्दचर्चा: 'सेव्ह सिलेक्शन' – निवड, मास्क, चॅनल की आणखी काही?

रेघोटी

फोटोशॉप शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणे लिहिते आहे. `Select > Save Selection` या पायरीशी गाडी अडली. 'निवड वाहिनीत साठवा' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला दूरदर्शनची वाहिनी आठवते. शिवाय पुढच्याच पानावर तीच गोष्ट 'मास्क' म्हणून येते. या दोन वस्तू आहेत की एकाच वस्तूची दोन नावे?

टिपणातले उदाहरण कोल्हापुरी चपलेचे आहे. फोटो एकच आणि आवृत्त्या तीन: कॅटलॉगसाठी पांढऱ्यावर, जाहिरातीसाठी लाकडी फळीवर, आणि तीच चप्पल गडद तपकिरी रंगात. कटिंग एकदाच करायचे आणि तिन्हीकडे वापरायचे. त्या जपून ठेवलेल्या कटिंगला काय म्हणावे?

शाईवाला

वस्तू एकच, तिच्या अवस्था वेगळ्या. सिलेक्शन म्हणजे पडद्यावर हलणारी तुटक रेघ. Ctrl+D दाबले की ती गेली, आणि फाइल बंद केली की परत आणायची सोय नाही. सेव्ह केली की तिचे फोटोएवढेच एक करडे चित्र बनते आणि Channels पॅनेलमध्ये लाल, हिरव्या, निळ्याच्या खाली बसते. ते झाले चॅनल. तेच करडे चित्र एखाद्या लेअरला चिकटवले की त्याचा लेअर मास्क होतो.

त्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 मधला एक आकडा असतो. पांढरे म्हणजे पूर्ण आत, काळे म्हणजे पूर्ण बाहेर, करडे म्हणजे अंशतः आत. पडद्यावरची तुटक रेघ फक्त 50 टक्क्यांच्या सीमेवर धावते, त्यामुळे गोंड्याचे विरळ धागे निवडीत असले तरी रेघेत दिसत नाहीत. खरी निवड पाहायची तर चॅनलच्या चित्रावर क्लिक करून पाहावे.

अशा जपलेल्या चॅनलला 'अल्फा चॅनल' म्हणतात, आणि त्यातला अल्फाही या प्रमाणाचाच. 1970च्या दशकात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी दोन चित्रे मिसळण्याच्या सूत्रातल्या ग्रीक अक्षरावरून हे नाव ठेवले. वरचे चित्र गुणिले अल्फा, अधिक खालचे चित्र गुणिले एक वजा अल्फा. म्हणजे हा शब्द मुळात 'किती' या प्रश्नाचे उत्तर आहे. म्हणून कोणी 'बाह्यरेषा' हा प्रतिशब्द सुचवला तर तो मला पटणार नाही. चॅनलमध्ये रेषा नसतेच, प्रमाण असते.

पाचवी_प्लेट

रेषा असते ती पाथमध्ये. आमच्याकडे 'पाथ मारणे' आणि 'सिलेक्शन मारणे' हे दोन शब्द कोणी एकमेकांच्या जागी वापरत नाही. पाथ जेपेगमध्येही टिकतो, अल्फा चॅनल टिकत नाही. त्यासाठी PSD किंवा TIFF हवे, आणि TIFF करतानाही `Alpha Channels` ची खूण काढली गेली असेल तर चॅनल गळते.

छपाईकडून एक सावधगिरी. चॅनलवर डबल क्लिक केले की `Color Indicates` मध्ये तीन पर्याय येतात. तिथे चुकून `Spot Color` निवडले गेले की ते चॅनल निवड राहत नाही, जास्तीची शाई होते, आणि चार रंगांच्या कामाला पाचवी प्लेट निघते. प्रेसमध्ये 'चॅनल' म्हटले की आधी प्लेटच आठवते. तेव्हा टिपणात नुसते 'चॅनल' लिहू नका ही विनंती.

केसकापू

चॅनलने कटिंग करायचे तर एवढे कशाला? निळ्या चॅनलची प्रत काढायची, Levels ने काळे-पांढरे ताणायचे, की केससुद्धा सुटे होतात. मी पोर्ट्रेटला कायम हेच करतो.

शाईवाला

केसकापू, ती निवड *तयार* करण्याची रीत झाली, आणि चांगली आहे. इथे प्रश्न तयार झालेली निवड *जपण्याचा* आहे. पण तुमच्यामुळे एक गोष्ट स्पष्ट होते: जपलेले चॅनलही साध्या चित्रासारखे ब्रशने रंगवता येते आणि त्यावरही Levels चालते. ते पुढे कामाला येईल.

रेघोटी

मग चपलेच्या पायऱ्या नीट सांगाल का? शब्द नंतर ठरवू.

शाईवाला

तळ आणि पट्टे यांची कड टणक, गोंड्याची मऊ. दोन्ही एका हत्याराने होत नाहीत, म्हणून वेगळी जपायची. तळ-पट्ट्यांना पेन टूलने पाथ मारा, Ctrl+Enter ने निवड करा, मग `Save Selection`, `Channel` मध्ये `New`, नाव 'तळ'. नाव दिलेच पाहिजे, नाहीतर Alpha 1, Alpha 2 अशी रांग लागते आणि महिन्याने काही कळत नाही.

पट्टा आणि तळ यांच्या मधल्या फटीतून मागचा कागद दिसतो. ती फट वेगळी निवडा, `Save Selection` मध्ये `Channel` ला 'तळ' ठेवा आणि `Subtract from Channel` घ्या. फट वजा होते.

गोंड्याभोवती सैल लॅसो मारा, `Select and Mask` मध्ये कडेवरून Refine Edge ब्रश फिरवा, `Output To` ला `Selection` ठेवा आणि 'गोंडा' नावाने जपा. इथे एक काळजी घ्या. गोंड्याची निवड पट्ट्यावर थोडी चढलेली असू द्या. दोन निवडी बरोबर कडेला कड टेकल्या तर दोन्हीकडचे करडे पिक्सेल मिळून मधे पुसट सांधा दिसतो.

आता 'तळ'च्या छोट्या चित्रावर Ctrl+क्लिक, 'गोंडा'वर Ctrl+Shift+क्लिक, आणि एकत्र निवड 'चप्पल' म्हणून जपा. आधीचे दोन पुसू नका, उद्या फक्त गोंड्याचा रंग बदलायचा असेल. 4000×3000 पिक्सेलच्या 8-बिट फाइलमध्ये एक चॅनल न दाबता सुमारे 12 एमबी होते, 16-बिटमध्ये दुप्पट. डिस्कवर बरेच कमी, कारण बहुतेक भाग सपाट काळा-पांढरा असतो.

नंतर पांढऱ्या आवृत्तीत 'चप्पल' लोड करून लेअर मास्क लावा. गडद रंगासाठी 'तळ' लोड असतानाच Hue/Saturation चा अॅडजस्टमेंट लेअर घ्या, निवड आपोआप त्याच्या मास्कमध्ये उतरते.

लेअरप्रेमी

शेवटी मास्कच लावायचा ना? मग चॅनल कशाला? ते लेअर नव्हते तेव्हाचे हत्यार. आता एकदा मास्क केला की Alt धरून दुसऱ्या लेअरवर ओढला, प्रत तयार.

शाईवाला

इतिहास बरोबर आहे. फोटोशॉप 1990 साली आले, लेअर 1994 च्या 3.0 मध्ये आले, आणि मधल्या काळात चॅनलांवरच सगळी मदार होती. एकाच फाइलमध्ये काम असेल तर तुमची रीत पुरेशीही आहे. पण मास्क लेअरच्या मालकीचा असतो. लेअर पुसला की तोही जातो, मर्ज केले की तो चित्रात विरतो, आणि कोणी पांढऱ्या आवृत्तीसाठी त्यावर ब्रश फिरवला की मूळ कड उरत नाही. चॅनल कोणत्याच लेअरचे नसते, म्हणून मूळ प्रत तिथे ठेवायची.

वाट_पाहणारा

माझी अडचण सांगतो. एकाच रॉ फोटोच्या तीन वेगवेगळ्या उजेडाच्या फाइली केल्या. पहिलीत चॅनल आहे. दुसरीत `Load Selection` उघडले तर `Document` च्या यादीत पहिलीचे नावच येत नाही. दोन्ही फाइली उघड्या आहेत.

शाईवाला

दुसरी फाइल क्रॉप झाली आहे का पाहा. दोन्हींची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये तंतोतंत सारखी असेल तरच नाव दिसते, एका पिक्सेलचाही फरक चालत नाही. म्हणून क्रॉप आणि `Image Size` शेवटी करायचे. ते केले की त्या फाइलमधली चॅनलेही सोबत कापली आणि लहान होतात, कड जागेवर राहते. झालेल्या फाइलसाठी पहिलीचे चॅनल ओढून दुसरीत टाकता येते, पण जागा तुम्हालाच जुळवावी लागेल.

वाट_पाहणारा

क्रॉप काढले, यादीत नाव आले. पण आता कड टाचेकडे बरोबर बसते आणि अंगठ्याकडे दोन-तीन पिक्सेल सरकलेली दिसते.

पाचवी_प्लेट

एकीला लेन्स करेक्शन लावलेले आणि दुसरीला नाही, असे असणार. माप तेच राहते, पण आतले पिक्सेल सरकतात, आणि मधल्यापेक्षा कोपऱ्याकडे जास्त. तिन्ही फाइलींना रॉमध्येच तीच सेटिंग द्या. तपासताना 100 टक्क्यांवर समोरासमोरचे दोन कोपरे पाहा, एकच पाहिलात तर फसाल.

रेघोटी

पांढऱ्यावर छान दिसणारी कड गडद फळीवर फिकट झालरीसारखी का दिसते?

शाईवाला

चॅनल फक्त 'किती' सांगते, रंग साफ करत नाही. कडेच्या करड्या पिक्सेलांत मूळ फिकट कागदाचा रंग मिसळलेला असतो. पांढऱ्यावर तो लपतो, गडदवर उघडा पडतो. 'चप्पल'ची प्रत काढा, तिच्यावर Levels उघडा आणि डावीकडचा काळा स्लायडर थोडा आत घ्या. गडद करडे काळे होतात आणि कड आत सरकते. नाव 'चप्पल_गडद'. लोड केल्यावर पुन्हा फेदर मात्र देऊ नका, मऊपणा चॅनलमध्ये आधीच आहे, तो दुप्पट होतो. गोंड्याला ही Levels ची रीत धागे खाऊन टाकते, तिथे झालर हाताने रंगवून काढणे बरे.

गिंपकर

गिंपमध्ये हेच `Select > Save to Channel` असे आहे आणि परत घेताना `Channel to Selection`. जपायचे XCF मध्ये. शब्द तिथेही चॅनलच. मला 'साचा' आवडतो: एकदा कापला, पाहिजे तितक्यांदा ठेवला.

पाचवी_प्लेट

'साचा' आमच्याकडे टेम्प्लेट फाइलला रूढ आहे. विद्यार्थी गोंधळतील.

रेघोटी

सध्या असे लिहिते: क्रिया म्हणून 'निवड जपणे', वस्तू म्हणून 'निवडीचे चॅनल', आणि पडद्यावरची नावे आहेत तशीच. 'मास्क' तसाच राहील, 'मुखवटा' नको.

लेअरप्रेमी

'निवडीचे चॅनल' चालेल. पण `Load Selection` ला 'निवड भरणे' लिहाल की 'निवड उचलणे'? मुले 'सिलेक्शन उचलला' म्हणतात.

शाईवाला

'उचलणे' म्हटले की चॅनल तिथून गेले असे वाटते, आणि ते तर जागेवरच असते. मी 'लोड करणे' ठेवीन. याहून चांगला शब्द कोणी सुचवला तर हवाच आहे.